रात्री दोनला उठणारी सोनी: म्हाताऱ्या कुत्रीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्यातल्या शाहूपुरी भागातलं एक घर. काका एसटीतून निवृत्त झालेले, बायपास झालेली. काकू, मुलगा, सून आणि सोनी. (नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.) सोनी म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट पामेरियन म्हणतात तसली पांढरी कुत्री. वय साडेतेरा, वजन ९ किलो ६०० ग्रॅम, पिशवी काढण्याचं ऑपरेशन सहाव्या वर्षी झालेलं. लसीकरण वेळच्या वेळी, जेवण भाकरी-दूध आणि अधूनमधून उकडलेलं चिकन. मी तिला पिल्लू असल्यापासून ओळखतो.

नोव्हेंबरच्या शेवटी काका तिला घेऊन आले. तक्रार अशी: "डॉक्टर, ही रात्री दोनला उठते आणि पहाटेपर्यंत घरभर फिरते. ओरडते. शेजारी बोलायला लागलेत." हे सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले होते, पण गणपतीत पाहुणे, मग दिवाळीचे फटाके, त्यामुळे घाबरली असेल म्हणून घरच्यांनी सोडून दिलं होतं.

पहिली भेट आणि चुकलेला अंदाज

तपासताना तिचा मागचा उजवा गुडघा आखडलेला लागला. वाटी सरकण्याची जुनी तक्रार होतीच. टेबलावरून खाली ठेवल्यावर ती पहिली चार-पाच पावलं अडखळत चालली, मग मोकळी झाली. थंडी नुकतीच पडायला लागली होती. मी मनाशी जुळवून टाकलं: संधिवात, थंडी, रात्री एका कुशीवर पडून सांधा आखडतो, म्हणून उठते. रात्री दुखू नये आणि झोपही लागावी म्हणून ट्रॅमाडॉल लिहून दिलं.

तीन-चार रात्री ती झोपली. घरच्यांचा फोन आला की गुण आहे. आठव्या दिवशी फोन आला तो रडवेला होता. सोनी पुन्हा उठत होती, आता चालताना झोकांड्या खात होती आणि काकूंनी उचलायला हात पुढे केला तर दचकून गुरगुरली होती. तेरा वर्षांत तिने काकूंवर दात दाखवले नव्हते.

पहिल्या चार रात्रींची झोप ही गुंगी होती. दुखणं कमी झाल्याचा तो पुरावा नव्हता, आणि मी तो तसा धरला. शिवाय ट्रॅमाडॉलचं जे रूप माणसात वेदना कमी करतं, ते कुत्र्याच्या शरीरात फार थोडं तयार होतं, त्यामुळे सांधेदुखीवर त्याचा भरवसा कमीच. म्हणजे दुखणं आहे की नाही हे त्या औषधाने कळणारच नव्हतं. पण माझी खरी चूक त्याआधीची होती. ती रात्री उठते एवढं मी ऐकलं. उठून ती नेमकं काय करते, हे विचारलंच नाही.

दाराची बिजागरी

ट्रॅमाडॉल बंद करायला सांगितलं आणि सूनबाईंना म्हटलं, उद्या येताना रात्रीचा व्हिडिओ काढून आणा. तिला हाक मारू नका, दिवा लावू नका, फक्त बघा.

त्यांनी आणलेला व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. सोनी स्वयंपाकघराच्या दाराशी जाते. दार अर्धं उघडं आहे. ती उघड्या बाजूने जात नाही. बिजागरीच्या बाजूला जाऊन फटीत नाक घालून उभी राहते. जवळजवळ दोन मिनिटं तशीच. मग भुंकते, एकसुरी, कुणाला बोलावल्यासारखी नाही. तिथून फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत शिरते आणि तिला मागे फिरता येत नाही. पुढे जायला जागा नाही तरी पाय चालूच असतात. काका येऊन तिला बाहेर ओढतात, ती त्यांच्याकडे पाहत नाही आणि पुन्हा त्याच सांदीत जाते.

दुखणारं कुत्रं असं वागत नाही. दुखणारं कुत्रं उठतं, अंग ताणतं, जागा बदलतं, पुन्हा बसायला बघतं, मध्येच धापा टाकतं, दुखणारा भाग चाटतं. पण घर त्याला माहीत असतं. दार कुठून उघडतं हे ते विसरत नाही, आणि माणूस जवळ बसला तर त्याला टेकून पडतं. सोनीच्या व्हिडिओत पाय नीट चालत होते. कुठे जायचं हेच तिला सुचत नव्हतं.

दवाखान्यात तिच्यासमोर बिस्किटाचा तुकडा टाकला. पडताना तिने पाहिला, मान खाली घातली, आणि तुकडा नाकापासून वीतभर अंतरावर असताना ती दुसरीकडेच हुंगत राहिली. घरच्यांना वाटत होतं मोतीबिंदू झालाय, कारण डोळे निळसर दिसत होते. तो मोतीबिंदू नव्हता. वयाबरोबर डोळ्याचं भिंग घट्ट होऊन निळसर झाक येते, पण त्यातून कुत्र्याला पुरेसं दिसतं. कापसाचा बोळा हवेत सोडला तर ती नजरेने नीट माग काढत होती.

मग मी प्रश्न विचारत गेलो आणि आधी कुणी न सांगितलेल्या गोष्टी निघाल्या. काकांची स्कूटर कोपऱ्यावर आली की फाटकाशी धावणारी सोनी आता फाटकाकडे पाठ करून बसते. दिवसभर झोपते. मोरीत जाऊन लघवी करायची सवय होती, आता दोनदा देवघरासमोर केली, तीही बाहेरून फिरून आल्यावर पाच मिनिटांत. दिशा चुकणं, माणसांशी वागणं बदलणं, झोपेचं चक्र उलटं होणं, घरात घाण करणं, हालचाल कमी होणं किंवा निरर्थक वाढणं, आणि नवी भीती: म्हाताऱ्या कुत्र्याच्या मेंदूची कार्यक्षमता घसरते तेव्हा हीच लक्षणं बघतात, आणि सोनीत सगळीच थोडीफार होती. अमेरिकेतल्या एका जुन्या पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांत आणि १५-१६ वर्षांच्यांपैकी सुमारे ६८ टक्क्यांत अशा बदलांपैकी किमान एक आढळला होता. घरचे मात्र "म्हातारपण आहे, चालायचंच" म्हणून ते सांगत नाहीत, कारण डॉक्टरही विचारत नाहीत.

अशा कुत्र्यांच्या मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं आणि मेंदू आकसतो. माणसाच्या अल्झायमरशी त्याचं बरंच साम्य आहे. पण हे रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. बाकीची कारणं एकेक करून बाजूला सारली की मगच हे नाव घेता येतं.

दुसरं काही नाही ना

व्हिडिओ पाहून निदान झाल्यासारखं वाटत होतं, आणि एकदा घाई करून मी चुकलो होतो. म्हणून थांबलो.

पहिली शंका मूत्रपिंडाची. ते बिघडलं की रक्तदाब चढतो, आणि चढलेला रक्तदाब एकट्यानेच कुत्र्याला गोंधळात टाकू शकतो. रक्तातलं क्रिएटिनिन १.१ आलं, म्हणजे ठीक. लघवीचं विशिष्ट गुरुत्व १.०३४, म्हणजे मूत्रपिंड लघवी नीट दाट करत होतं. जंतुसंसर्ग नव्हता, साखर नव्हती. काकूंना चोवीस तास पाणी मोजायला सांगितलं: सकाळी मापाने भरायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करायचं. ५२० मिली भरलं, किलोमागे साधारण ५४. किलोमागे १०० च्या वर गेलं असतं तर मधुमेह किंवा अधिवृक्क ग्रंथीच्या आजाराचा माग काढावा लागला असता, आणि मग घरातली लघवी हा विसराळूपणा मानता आला नसता.

रक्तदाबाचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. एका सहकाऱ्याकडून दोन दिवसांसाठी आणलं. पहिलं माप सोडून पुढच्या पाचांची सरासरी १४८ आली. दवाखान्यातल्या धास्तीने थोडं वाढतंच. १६० च्या पुढे गेलं असतं आणि पुन्हा मोजल्यावरही तसंच राहिलं असतं तर उपचाराचा विचार करावा लागला असता. डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव नव्हता. थायरॉइड ठीक होतं.

लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यात रात्री अस्वस्थ होण्याचं आणखी एक कारण हृदय असतं. सोनीला हलकासा मरमर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमध्ये जादा आवाज होता. सूनबाईंना ती गाढ झोपलेली असताना मिनिटभर श्वास मोजायला लावले. २२ भरले. झोपेत ३० च्या आत असेल तर छातीत पाणी भरून ती उठत असण्याची शक्यता कमी.

मेंदूतल्या गाठीचा विचार करावाच लागतो. पण बदल हळूहळू आलेला, फेरे दोन्ही बाजूंना, मान तिरकी नाही, डोळ्यांची बुबुळं थरथरत नाहीत, झटका कधी आलेला नाही. एमआरआयसाठी पुण्याकडे न्यावं लागलं असतं, पूर्ण भूल द्यावी लागली असती. काकांनी विचारलं, "गाठ निघाली तर ऑपरेशन करणार का आपण?" साडेतेरा वर्षांच्या कुत्रीवर ते करणार नव्हते. ज्या उत्तराने उपचार बदलणार नाही त्यासाठी भूल देऊ नये असं माझंही मत पडलं. झटका आला किंवा फेरे एकाच बाजूला व्हायला लागले तर पुन्हा विचार करायचा, असं ठरलं.

दुखणं वेगळं काढणं

मेंदूचा आजार दिसला म्हणून आखडलेला गुडघा खोटा ठरत नव्हता. या वयात दोन्ही एकत्र असणं नेहमीचं आहे, आणि दुखण्यामुळे झोप मोडली की गोंधळ आणखी वाढतो. प्रश्न असा होता की रात्रीच्या त्रासात कुणाचा वाटा किती.

त्यासाठी मेलॉक्सिकॅम या सांधेदुखीवरच्या औषधाची चौदा दिवसांची चाचणी ठरवली. पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, पुढे रोज ०.१, खाण्याबरोबर. मूत्रपिंड चांगलं आहे हे हातात असल्याशिवाय मी ते सुरू केलं नसतं. उलटी, काळी शी किंवा खाणं बंद झालं तर लगेच थांबवायचं. त्या चौदा दिवसांत दुसरं एकही औषध नाही आणि घरात काही बदल नाही, कारण दोन गोष्टी एकदम केल्या की गुण कशाने आला ते कळत नाही.

काकूंनी शाळेच्या वहीत तीन रकाने आखले: किती वाजता उठली, काय केलं, परत कशी झोपली. मी सांगितलं ते पहिले दोन. तिसरा त्यांनी स्वतःहून घातला, आणि सगळ्यात उपयोगी तोच ठरला.

सुरुवातीच्या पानांवर एका रात्रीत चार-पाच नोंदी होत्या. त्यांचे दोन प्रकार सरळ दिसत होते. रात्री अकरा ते एकच्या मधल्या नोंदी अशा: "उठली, अंग ताणलं, गादी बदलली, गोधडी घातल्यावर झोपली." आणि दोननंतरची: "फिरते, सांदीत अडकली, मांडीवर घेतलं तरी उतरून फिरते, सव्वाचारला दमून पडली." पहिल्या प्रकारात ऊब आणि जागा बदलणं पुरत होतं. दुसऱ्यात काकूंच्या मांडीचाही उपयोग नव्हता.

आठव्या-नवव्या दिवसापासून पहिल्या प्रकारच्या नोंदी कमी होत गेल्या. चौदाव्या दिवशी त्या जवळजवळ संपल्या. सकाळी सोनी न अडखळता उठू लागली, अंगणाच्या दोन पायऱ्या स्वतः चढली. दोननंतरचं फिरणं मात्र तसूभर कमी झालं नाही. गुडघ्याचा वाटा किती आणि मेंदूचा किती, हे त्या वहीतून दिसलं.

उरलेल्या रात्रींसाठी पर्याय

घर थकलं होतं. काकांची झोप तीन महिने मोडत होती आणि त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी त्यावरून सुनावलं होतं. मुलाने बाहेर व्हरांड्यात येऊन हळू आवाजात विचारलं, "डॉक्टर, तिला त्रास होत असेल तर... इंजेक्शन देऊन सोडवायचं का?" हा प्रश्न चुकीचा नव्हता आणि मी तो टाळला नाही. सोनी खात होती, दिवसा शेपूट हलवत होती, दुखणं आवाक्यात होतं. आठ आठवडे द्या, मग वही उघडून आपण दोघं पुन्हा याच प्रश्नावर बसू, असं मी म्हटलं.

झोपेच्या औषधाचा आग्रह सगळ्यांचाच होता. ॲसप्रोमॅझिनने शरीर ढिलं पडतं पण आतली भीती तशीच राहते. गोंधळलेल्या जनावराला पळताही न येणं हे वाईट. सर्दीच्या गोळ्यांनी गुंगी येते म्हणून काही जण त्या देतात, पण त्या मेंदूतल्या, स्मरणाला लागणाऱ्या ॲसिटिलकोलीनच्या कामात अडथळा आणतात आणि विसराळूपणा वाढवू शकतात. अल्प्राझोलाम काकांच्या डब्यात होतंच. ते काही कुत्र्यांना उलटं चेकाळवतं, आणि त्याने चालण्याचा तोल जातो. ट्रॅमाडॉलच्या वेळी जे झालं ते मला पुन्हा करायचं नव्हतं.

सेलेजिलिन हे कुत्र्यांच्या या आजारासाठी अमेरिकेत मान्यता असलेलं औषध. आपल्याकडे माणसांच्या पार्किन्सनसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम, सकाळी एकदा. सगळ्याच कुत्र्यांना गुण येत नाही, आणि यायचा तर चार ते आठ आठवडे लागतात. ते ट्रॅमाडॉलबरोबर किंवा नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांबरोबर देता येत नाही, सेरोटोनिन धोकादायक पातळीला चढू शकतं. सोनीचं ट्रॅमाडॉल बंद होऊन दोन आठवड्यांवर झाले होते. मी पहिल्याच भेटीत ते दिलं नसतं तर हा हिशेब करावाच लागला नसता.

आणखी एक गोष्ट मी सहज विचारली म्हणून कळली. गोचिडांसाठी काकू तिला महिन्यातून एकदा अमिट्राझच्या पाण्याने पुसत असत. अमिट्राझही सेलेजिलिनसारखंच मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम रोखतं, दोन्ही एकत्र चालत नाहीत. आपल्या भागात ती बाटली घरोघरी असते आणि औषध म्हणून ती कुणाच्या डोक्यातही येत नाही. ते पुसणं बंद केलं, दोन आठवडे मध्ये जाऊ दिले आणि गोचिडांसाठी खायची गोळी दिली.

काय केलं

त्या दोन आठवड्यांत घर बदललं. फ्रिजमागची सांदी आणि दारांमागच्या जागा पुठ्ठे व पाट लावून बंद केल्या. गुळगुळीत फरशीवर गादीपासून मोरीपर्यंत गोणपाटाची पट्टी टाकली, म्हणजे पाय घसरत नाहीत आणि पायाखाली वाट लागते. मोरीजवळ झिरोचा दिवा रात्रभर. गादीची जागा पुन्हा हलवायची नाही.

दिवसा झोपू न देणं हे सगळ्यात कठीण गेलं. सकाळी अंगणात अर्धा तास ऊन, संध्याकाळी पंधरा मिनिटं फिरणं, दुपारी टॉवेलच्या घडीत भाकरीचे तुकडे लपवून हुंगून शोधायला लावायचं. रात्री साडेदहाला शेवटची लघवी, मग चार घास. कुणीतरी सांगितलं म्हणून मुलाने रोज चमचाभर खोबरेल तेल सुरू केलं होतं. मध्यम साखळीच्या मेदाचा अशा कुत्र्यांना उपयोग होतो हे खरं, पण तो शुद्ध स्वरूपात आणि मोजून आहारात घातलेला असतो. खोबरेल तेलात त्याचा कामाचा भाग थोडाच. स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती नको म्हणून बंद केलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सेलेजिलिन ५ मिलिग्रॅम, सकाळी एक गोळी. मेलॉक्सिकॅम चालूच ठेवलं, महिन्याने क्रिएटिनिन पुन्हा तपासलं.

पुढे काय झालं

घरातल्या बदलांनी अडकणं लगेच थांबलं, म्हणून भुंकणंही कमी झालं. फिरणं कमी झालं नाही. पहिले तीन आठवडे वहीत फरक नव्हता आणि काका औषध बंद करायच्या बेतात होते. पाचव्या आठवड्यात एका पानावर काकूंनी लिहिलं होतं: "आज उठली नाही. दोनदा जाऊन श्वास बघितला."

आठवा आठवडा संपला तेव्हा आदल्या चौदा रात्रींपैकी नऊ रात्री ती सलग झोपली होती. उरलेल्या पाचांत वीस-पंचवीस मिनिटं फिरून गोणपाटावरून परत गादीवर आली. स्कूटरच्या आवाजाला ती पुन्हा फाटकाकडे तोंड करून उभी राहू लागली. रोज नाही. देवघरासमोर एकदाच लघवी केली. मुलगा वही घेऊन आला होता. व्हरांड्यातला प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही.

हा आजार बरा होत नाही हे मी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये, संततधार पावसात आठवडाभर ऊन आणि फिरणं बंद पडलं, आणि रात्री पुन्हा बिघडल्या. या वेळी आधी गुडघा तपासला, मग लघवी, मग रक्तदाब. काही नवीन निघालं नाही. गोळ्या दोन केल्या, किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम, आणि दुपारचा टॉवेलचा खेळ दोनदा केला. थोडं सावरलं, फेब्रुवारीइतकं नाही.

आता मी काय वेगळं करतो

दहा वर्षांवरच्या प्रत्येक कुत्र्याच्या घरी मी आता विचारतो: दाराच्या कुठल्या बाजूने जातं? फर्निचरमागे अडकतं का? दिवसा किती झोपतं? सोनीच्या घरी हे मी सहा महिने आधी विचारलं असतं तर औषध लवकर सुरू झालं असतं, आणि लवकर सुरू केलेल्यांत गुण बरा दिसतो असा माझा अनुभव आहे.

रात्रीच्या तक्रारीवर व्हिडिओ पाहिल्याशिवाय मी गुंगी येणारं काहीही देत नाही. आणि दुखण्याची चाचणी घ्यायची तर दुखणंच कमी करणाऱ्या औषधाने घ्यायची, झोप आणणाऱ्याने नाही.

एका गोष्टीवर माझं मन अजून ठरत नाही. मेलॉक्सिकॅमच्या चाचणीचे चौदा दिवस आणि अमिट्राझ उतरायचे दोन आठवडे मी एकापाठोपाठ घेतले. अमिट्राझचं आधी विचारलं असतं तर ते एकाच वेळी संपले असते, आणि काकांच्या दोन आठवड्यांच्या रात्री वाचल्या असत्या. सांद्या बंद करायलाही चाचणी संपेपर्यंत थांबायची गरज नव्हती. त्याने वहीतली नोंद थोडी गढूळ झाली असती, पण सोनी त्या सांदीत चौदा रात्री उभी राहिली नसती.

सोनी आता साडेचौदाची आहे. काकूंची तिसरी वही चालू आहे.